भावाची दहावी, ताईची नाईट ड्युटी आणि लावून ठेवलेले साठ मेसेज

"मॅडम नमस्कार, मी नाशिकला हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, शिफ्ट सारख्या बदलतात. धाकटा भाऊ गावी असतो, संगमनेर तालुक्यात, यंदा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम. सहामाहीला गणितात कमी पडलेत तेव्हापासून गप्प गप्प असतो. मला रोज फोन जमत नाही म्हणून नेटवरून 60 मोटिव्हेशनल मेसेज घेतले आणि रोज पहाटे साडेपाचला जातील असे शेड्यूल करून टाकले. आधी तो अंगठा तरी टाकायचा, आता तेही नाही. फोन आईचा आहे, दोघांत एकच. काय लिहू, किती वाजता पाठवू, का बंदच करू? – एक ताई"

बंद करू नकोस गं. पण ते साठच्या साठ आज ड्युटीवरून आलीस की काढून टाक, एकही ठेवू नकोस, आणि त्याच्या जागी फक्त येत्या आठवड्याचे सहा लिही. साठ आणि सहा यात नुसता आकड्याचा फरक नाहीये, सगळी गोम तिथेच आहे.

बघ, मेसेज लिहितेस त्या दिवशीचं तुला माहीत असतं, तो पोचेल त्या दिवशीचं नसतं. डिसेंबरात लिहिलेला "आज तुझा दिवस आहे" हा मेसेज जानेवारीत ज्या सकाळी पोचतो त्या सकाळी तो तापाने पडलेला असेल, किंवा आदल्या दिवशी प्रिलिमचा बीजगणिताचा पेपर हातात मिळालेला असेल आणि 40 पैकी 13 असतील. अशा वेळी तो मेसेज वाचून पोराला एवढंच कळतं की ताईला माझं काहीच माहीत नाही. असं दोन-तीनदा झालं की तो वाचणं सोडून देतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. एका घरात मी हे जवळून पाहिलंय, वडील परगावी नोकरीला, त्यांनी टाइमटेबल बघून प्रत्येक पेपरच्या दिवशी दुपारी अडीचला "मस्त गेला ना पेपर, शाब्बास!" असं लावून ठेवलेलं. विज्ञान एक अवघड गेला, मुलगी घरी येऊन दप्तर टाकून बसली होती आणि फोन वाजला. वडिलांचं प्रेम होतं त्यात, शंभर टक्के होतं, पण त्या क्षणी मुलीला ते टोचलं, आणि पुढचे तीन पेपर ती वडिलांशी धड बोललीच नाही.

म्हणून एक आठवडा. त्याच्या पुढचं आपल्याला दिसत नाही, मग लिहायचं कशाला.

आता करायचं कसं ते सांगते. आठवड्यातून एकदा, तुझा ऑफ असेल तेव्हा, रविवार धरून चालू, आधी फोन कर. त्याला नाही, आईला. दहा मिनिटं. आईला "अभ्यास करतोय का" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळ्या आया "कुठं करतोय" असंच देतात. या आठवड्यात कुठला धडा चालू आहे, क्लासला काही टेस्ट आहे का, कशावर चिडला, रात्री किती वाजता झोपतो, एवढं विचार. मग त्याच्याशी पाच मिनिटं बोल, आणि त्यात अभ्यास त्याने काढला तरच काढ. हे झालं की लगेच तिथेच बसून सहा मेसेज लिहायचे. सातवा दिवस मोकळा, त्या दिवशी तुझा खरा फोन असतो.

आणि त्याला हे सांगून टाक की मी रविवारी बसून आठवड्याचे मेसेज लिहून ठेवते, रोज त्या वेळेला जागी असतेच असं नाही. बऱ्याच जणांना वाटतं हे सांगितलं तर त्यातली मजा जाईल. उलट आहे. पंधरा वर्षांच्या पोराला दोन दिवसात कळतं की रोज बरोब्बर त्याच मिनिटाला येणारा मेसेज हाताने आलेला नाही, आणि मग त्याने मेसेजला उत्तर दिलं आणि तिकडून सहा तास काही आलं नाही की तो समजतो की मशीनच आहे. आधीच सांगितलंस की "तू काही लिहिलंस तर त्याचं उत्तर मी स्वतः देईन, ड्युटी संपल्यावर", तर तो थांबतो. आणि त्याने काही लिहिलं तर त्याला उत्तर द्यायचंच, इमोजी नाही, दोन शब्द का होईना.

वेळ. पहाटे साडेपाच बाद. एक तर तो त्या वेळी उठलेला नसेल तर आईचा फोन वाजून आई उठणार, आणि उठलेला असेल तर अभ्यासाला बसताना हातात फोन येणार. सकाळी उठल्या उठल्या फोन हातात आला की मेसेज वाचून तो खाली ठेवत नाही, शेजारीच रील आहेत. तुझ्या मेसेजमुळे त्याचा अर्धा तास गेला असं व्हायला नको. आईला विचारून असा टाइम पकड की फोन तसाही त्याच्या हातात असतो, बहुतेक घरात ते रात्री जेवणानंतरचं असतं, साडेआठ-नऊ. रात्रीच्या मेसेजचा अजून एक फायदा असा की तो उद्याबद्दल लिहिता येतो, म्हणजे सकाळी उठून काय करायचं हे डोक्यात ठेवून तो झोपतो.

फोन आईचा आहे हे तू शेवटी सहज लिहिलंयस, पण माझ्या दृष्टीने पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. मेसेज आला की स्क्रीनवर वरती पहिली ओळ दिसते, आई वाचणार, शेजारी मामा बसले असतील तर तेही वाचणार. त्यामुळे मार्कांचा आकडा, "परवा रडलास ना" असलं काही, किंवा त्याने तुला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मेसेजमध्ये कधीच नको. ती फोनवर. लावून ठेवलेला मेसेज म्हणजे घरात मोठ्याने वाचला जाणार आहे असं धरूनच लिही.

आता काय लिहायचं. तुझ्या साठातले काही तू पाठवलेस ते मी वाचले. "अपयश ही यशाची पहिली पायरी", "स्वप्नं ती नव्हेत जी झोपेत पडतात" वगैरे. वाक्यं वाईट नाहीत पण ती कुणालाही पाठवता येतात, आणि जे कुणालाही पाठवता येतं ते आपल्यासाठी आहे असं पोराला वाटत नाही. माझी चाचणी सोपी आहे, मेसेज शेजारच्या दहावीतल्या पोराला तसाच फॉरवर्ड करता आला तर तो टाकून द्यायचा.

"तू हुशार आहेस, तुला जमेलच" हेही नको. यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, 1998 साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर केलेला. मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना म्हणाले तुम्ही हुशार आहात आणि काहींना म्हणाले तुम्ही मेहनत घेतलीत. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. त्यानंतर परत पहिल्यासारखी सोपी दिली तर हुशार म्हटलेल्या मुलांना स्वतःच्याच पहिल्या वेळेपेक्षा कमी जमली, आणि मेहनतीबद्दल कौतुक झालेल्यांना जास्त. कारण समजायला अवघड नाही, हुशार आहे म्हणून जमतं असं मानलं की जमलं नाही त्या दिवशी मी हुशार नाही असंच निघतं. सहामाहीनंतर तुझा भाऊ त्याच जागी उभा आहे, त्यामुळे "हुशार", "टॉपर", "आपल्या घराचं नाव" हे शब्द दोन महिने बाजूला ठेव.

मग राहतं काय? त्याने खरंच केलेली एखादी गोष्ट, नाहीतर उद्या करायची एक छोटी गोष्ट. बास. दोन-तीन ओळी, त्याहून जास्त नाही.

तुझ्या भावाचंच उदाहरण घेऊन एक आठवडा लिहून दाखवते. समजा रविवारी आईकडून कळलं की बीजगणितात वर्गसमीकरणं चालू आहेत, गुरुवारी क्लासला त्याचीच टेस्ट आहे, रात्री साडेबारापर्यंत जागतो, आणि तो स्वतः म्हणाला की "रीत येते गं, पण चिन्हं चुकतात". हे शेवटचं वाक्य म्हणजे तुझं सोनं आहे, कारण गणितात कच्चा आहे आणि चिन्हं चुकतात या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीवर उपाय आहे.

सोमवारचा मेसेज: "चिन्हं चुकतात हे तुझं तुला सापडलं, ते भारी झालं. उद्या वर्गसमीकरणाची तीनच गणितं कर, पण उत्तर आलं की x च्या जागी टाकून बघ. शून्य आलं तर बरोबर."

हा मेसेज कामाचा का आहे ते बघ. समजा गणित आहे 2x² − 5x − 3 = 0. मधल्या पदाचे तुकडे करताना −6 आणि +1 हवेत, पोरं घाईत +6 आणि −1 करतात आणि उत्तर x = −3 काढून पुढे जातात. −3 परत टाकलं तर 18 अधिक 15 वजा 3, म्हणजे 30 येतात, शून्य नाही, चूक तिथेच पकडली जाते. बरोबर उत्तर 3 टाकलं तर 18 वजा 15 वजा 3, शून्य. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. म्हणजे तू त्याला धीर देत नाहीयेस, चूक स्वतः पकडायचं साधन देतेयस, आणि धीर त्यातूनच येतो. तुला गणित आठवत नसेल तर काही बिघडत नाही, त्याच्या सरांना विचार, नाहीतर त्यालाच विचार की चूक झाली हे तुला कळतं कसं.

मंगळवार: "टेस्टमध्ये एखादं गणित अडलं तर येतं तेवढ्या पायऱ्या लिहायच्या आणि पुढच्या गणिताला जायचं, नंतर परत यायचं. आत्ताच ठरवून ठेव." बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात, त्यामुळे अर्धवट गणितही कोरं सोडायचं नसतं, हे पोरांना माहीत असतं पण ऐन वेळी ती त्याच गणितापाशी वीस मिनिटं बसून राहतात. असं झालं तर तसं करीन, हे आधी ठरवलेलं असलं की ऐन वेळी ते हातून होण्याची शक्यता वाढते, पीटर गॉलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे. नुसतं "टेन्शन घेऊ नको" म्हटल्याने असलं काही होत नाही, कारण टेन्शन आल्यावर करायचं काय हे त्यात नाहीच.

बुधवार, टेस्टच्या आदल्या रात्री: "आज साडेदहाला झोप. जागून एक गणित जास्त होईल पण उद्या चिन्हं दुप्पट चुकतील. मी पण आज वेळेत झोपणार आहे, दोघं बघू जमतं का." हे शेवटचं वाक्य तुझी त्या दिवशी नाईट नसेल तरच लिहायचं हां, खोटं नको.

गुरुवार, टेस्ट झाल्यावर. इथे सगळे घसरतात. टेस्ट कशी गेली तुला माहीत नाही, म्हणून टेस्टबद्दल एक अक्षर नको. "शनिवारी रात्री मला सुट्टी आहे. फोन करते, तुला मॅचचं काय सांगायचं होतं ते सांग." एवढंच. पेपर चांगला जाऊ दे नाहीतर वाईट, हा मेसेज दोन्हीत बसतो. लावून ठेवायच्या प्रत्येक मेसेजला हेच बघायचं, दिवस वाईट गेलेला असला तर हा कसा वाचला जाईल? वाईट वाटणार असेल तर बदलायचा.

शुक्रवार, शनिवारचे तू लिही, तुला आता कळलंय. त्यातला एक अभ्यासाचा नसला तरी चालेल, म्हशीचं, गल्लीतल्या कुत्र्याचं, वॉर्डातल्या गमतीचं काही. आणि प्रश्न विचारू नकोस. "किती झालं?", "रिव्हिजन संपली का?" असं लावून ठेवलेलं आलं की ते हजेरी घेतल्यासारखं होतं, आणि उत्तर देता येत नाही म्हणून पोरगं मेसेज उघडतच नाही.

आता लावायचे कशावर. व्हॉट्सॲपवर मेसेज लावून ठेवायला लोक बाहेरची ॲप्स घेतात, तुझंही तसंच काही असेल. ही ॲप्स फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे तुझ्या स्क्रीनवरचं त्यांना वाचता येतं आणि तुझ्या वतीने बटणं दाबता येतात. त्याच फोनवर तुझं बँकेचं ॲप आहे. काढून टाक ते. साधा एसएमएस घे. अँड्रॉइडवर गुगलचं Messages ॲप असतं, त्यात मेसेज टाइप करून पाठवायचं बटण दाबून धरलं की तारीख-वेळ निवडायला येते, आणि जायच्या आधी तो कधीही बदलता किंवा काढता येतो. त्या वेळी तुझा फोन चालू आणि रेंजमध्ये हवा एवढंच, त्यामुळे ड्युटीला जाताना फोन लॉकरमध्ये बंद करून ठेवत असशील तर जाणार नाही. तसं असेल तर टेलिग्राम, त्यातही पाठवायचं बटण दाबून धरायचं, आणि तिथे मेसेज त्यांच्या सर्व्हरवर थांबतो म्हणून तुझा फोन बंद असला तरी जातो. पण मला एसएमएसच आवडतो, कारण तो उघडला की समोर फक्त मेसेज असतो, स्टेटस नाही, ग्रुप नाही, आणि उद्या आईने स्मार्टफोन बाजूला ठेवून घरातला बटणवाला फोन काढला तरी तो पोचतो.

बोर्डाचे दिवस वेगळे. तेव्हा आठवड्याचे पण लावायचे नाहीत, एका वेळी एकच पेपर. आदल्या संध्याकाळी एक मेसेज जाऊ दे, तो निव्वळ कामाचा: "हॉल तिकीट, दोन पेनं, कंपास, पाण्याची बाटली दप्तरात टाक आणि मग जेव. साडेदहाला केंद्रात आत असायचंय, म्हणून घरून निघायची वेळ आईशी आत्ताच ठरव." पेपर 11 ला सुरू होतो पण साडेदहापर्यंत पोचायला सांगतात, आणि गावाकडे एसटी चुकली की सगळं बोंबलतं, त्यामुळे त्या रात्री प्रेरणेपेक्षा ही ओळ जास्त उपयोगी. पेपरच्या सकाळी काहीच नको. आणि पेपरनंतरचा मेसेज कधीही लावून ठेवायचा नाही. तो हाताने, आईशी बोलून, सुटायची वेळ झाल्यावर. बीजगणित-भूमिती प्रत्येकी 40 मार्कांचे, दोन तासांचे, वर शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे साधारण एक-सव्वाला तो बाहेर येईल, भाषेचा 80 चा पेपर असेल तर दोन-सव्वादोनला.

बीजगणित खराब गेलंच तर त्याला पहिलं वाक्य काय सांगायचं ते माहीत असू दे. गणित भाग 1, भाग 2 आणि शाळेचे अंतर्गत 20 असे मिळून 100 धरतात आणि पास व्हायला त्या 100 पैकी 35 लागतात, बीजगणितात वेगळं पास व्हावं लागत नाही. म्हणजे भूमिती अजून पूर्ण हातात आहे. हे त्याला ऐकून माहीत असेल पण त्या दुपारी आठवणार नाही, ते तू फोनवर सांग, आणि सांगून झालं की पेपरची चर्चा बंद, प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरं जुळवत बसू नका. शिवाय टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने निघते, म्हणजे सगळ्यात जास्त मार्कांचे पाच विषय धरून, एक विषय पडला म्हणून सगळं खाली येत नाही. पण ही गोष्ट आत्ता डिसेंबरात त्याला सांगत बसू नकोस, नाहीतर गणित सोडूनच देईल.

त्याने अंगठा टाकला नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस, या वयात उत्तर न देणं हे न वाचणं नसतं. कळायचं ते दुसरीकडून कळतं. तो आईला म्हणाला की "ताईने सांगितलं तसं करून बघितलं", किंवा रविवारी फोनवर स्वतःहून म्हणाला की दोन चुका सापडल्या, म्हणजे पोचतंय. उलट मेसेज आला की फोन उलटा ठेवतो, चिडतो, असं आई म्हणाली तर त्याला सरळ विचार की आठवड्यात दोनच पाठवू का, आणि तो हो म्हणाला तर दोनच.

एक गोष्ट मात्र मेसेजवर सोडू नकोस. सहामाहीपासून गप्प आहे असं लिहिलंयस. आईला नीट विचार, जेवतो का, झोप लागते का, मित्रांकडे जायचं बंद केलंय का, "माझा काही उपयोग नाही", "मी नसलेलोच बरा" असं काही बोलला का. यातलं काही असेल तर मेसेज थांबव आणि त्याच दिवशी फोन कर, जमलं तर रजा टाकून जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, आणि तिथे तो स्वतः नाही बोलला तरी तुला किंवा आईला फोन करून विचारता येतं की त्याच्याशी कसं बोलायचं. परीक्षेच्या काळात बोर्डाचेही समुपदेशक असतात, त्यांचे नंबर शाळेत मिळतात.

आणि शेवटचा पेपर झाला की रांगेत काही लावलेलं राहिलंय का ते बघून काढून टाक. निकालाच्या दिवसासाठीही आधी काही लिहून ठेवू नकोस, त्या दिवशीची सुट्टी मिळते का तेवढं निकालाची तारीख जाहीर झाल्या झाल्या मेट्रनना विचारून घे.